जेसिका हार्डीचे बारा महिने, आपल्या रिलेचे चोवीस

2008 च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या ओमाहा शहरात ऑलिंपिक निवड स्पर्धा चालू होती. 21 वर्षांची जलतरणपटू जेसिका हार्डी चार प्रकारांत बीजिंगचं तिकीट मिळवून बसली होती: 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोक, 50 मीटर फ्रीस्टाइल आणि दोन रिले. त्या आठवड्यात तिची तीन वेळा डोप टेस्ट झाली. 1 जुलैची टेस्ट निगेटिव्ह आली, 6 जुलैची निगेटिव्ह आली, आणि मधली 4 जुलैची पॉझिटिव्ह. लघवीत अगदी कमी प्रमाणात क्लेनब्युटेरॉल सापडलं. काही देशांत दम्यावर वापरलं जाणारं हे औषध चरबी कमी करायला आणि स्नायू टिकवायला चोरून घेतलं जातं. स्पर्धा असो वा नसो, बाराही महिने त्यावर बंदी असते.

या प्रकरणात मला सगळ्यात आधी ही तीन तारखांची रांग दिसते. एक दिवस स्वच्छ, तीन दिवसांनी दोषी, आणखी दोन दिवसांनी पुन्हा स्वच्छ. मुद्दाम औषधाचा कोर्स घेणाऱ्याच्या शरीरात ते असं एका दिवसापुरतं डोकावून जात नाही. पण कशातून तरी कण आत गेले असतील, तर असंच दिसणार.

हार्डी म्हणाली, मी हे घेतलेलं नाही. मग शोध सुरू झाला आणि संशय तिच्या सप्लिमेंटवर आला. आर्जिनिन या अमिनो आम्लाचं एक उत्पादन ती काही महिने घेत होती, आणि बनवणाऱ्या कंपनीशी तिचा करारही होता. लवादासमोर तिने ते दूषित होतं हे मांडलं आणि लवादाला ते पटलं. कंपनीने ते मान्य केलं नाही, आणि तो वाद पुढे न्यायालयात गेला. 1 ऑगस्टला, बीजिंगचा उद्घाटन सोहळा आठवड्यावर आलेला असताना, हार्डी संघातून बाहेर पडली.

तिचा निकाल नीट वाचला पाहिजे, कारण आपल्याकडचे खेळाडू आणि पालक तो अर्धाच ऐकतात. "सप्लिमेंटमध्ये भेसळ होती हे सिद्ध झालं" इथपर्यंत ऐकलं की त्यांना वाटतं मुलगी सुटली. ती सुटली नव्हती. तिला एक वर्षाची बंदी लागली.

ती का, हे तेव्हाच्या नियमात आहे. उत्तेजकविरोधी संहितेचा पहिला दगड असा: खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला तोच जबाबदार. कुणी दिलं, माहीत होतं की नव्हतं, याचा दोष ठरवण्याशी संबंध नाही. त्याचा संबंध येतो शिक्षा किती, एवढं ठरवताना. त्या काळी अशा पदार्थाला पहिल्या गुन्ह्याची शिक्षा दोन वर्षं होती. खेळाडूची काहीच चूक नाही असं ठरलं तर शिक्षा शून्य. चूक आहे पण मोठी नाही असं ठरलं तर कमाल निम्मी सूट, म्हणजे किमान एक वर्ष. मधे दुसरी पायरी नव्हती. भेसळ सिद्ध केलेल्या खेळाडूसमोर प्रत्यक्षात एवढंच अंतर उरायचं: बारा महिने ते चोवीस महिने.

हार्डीला या पट्टीवरचं सगळ्यात खालचं टोक मिळालं, बारा. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेला, म्हणजे वाडाला, तेही कमी वाटलं. त्यांनी लोझानच्या क्रीडा लवाद न्यायालयात अपील केलं आणि दोन वर्षं मागितली. मे 2010 मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं आणि एक वर्ष कायम ठेवलं. कारणं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. माल तिने थेट कंपनीकडून घेतला होता, कुठल्या अनोळखी दुकानातून नाही. शुद्धतेबद्दल कंपनीच्या माणसांशी ती स्वतः बोलली होती आणि तिला खात्री देण्यात आली होती. लेबलवर शंका यावी असं काही नव्हतं. स्वतःच्या संघातल्या जाणत्या लोकांशीही तिने विचारविनिमय केला होता. आणि तरीही चूक शून्य ठरली नाही, कारण सप्लिमेंटमध्ये असं काही निघू शकतं हा इशारा खेळाडूंना कित्येक वर्षं दिला जात होता, आणि तो ठाऊक असताना तिने ते घेतलं होतं.

आता याच पट्टीचं दुसरं टोक. ते आपल्या घरचं आहे.

2010 साली भारताच्या मुलींनी 4 बाय 400 मीटर रिलेत दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आणि पाठोपाठ ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. मनजीत कौर, सिनी जोस, अश्विनी अक्कुंजी आणि मनदीप कौर. ग्वांगझूला अश्विनीने 400 मीटर अडथळ्यांचंही सुवर्ण घेतलं. दिल्लीतली ती शर्यत मी दूरदर्शनवर उभं राहून पाहिली होती, आणि आजही तिची आठवण आली की गळा दाटतो. पुढच्या वर्षी, 2011 च्या जून-जुलैत, या चौघींपैकी तिघी आणि शिबिरातल्या आणखी काही धावपटू स्टेरॉइडसाठी पॉझिटिव्ह आल्या. मुख्य पदार्थ होता मेथँडायनोन, हे जुनं स्नायूवर्धक स्टेरॉइड. जपानमधल्या कोबेची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा तोंडावर आली होती. क्रीडामंत्री अजय माकन यांनी परदेशी प्रशिक्षक युरी ओगोरोदनिक यांना काढून टाकलं आणि निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती नेमली.

मुलींचं म्हणणं असं की आम्ही जिनसेंग या वनस्पतीच्या गोळ्या घेत होतो आणि त्या प्रशिक्षकांनी दिल्या होत्या. राष्ट्रीय पातळीवरच्या शिस्तभंग पॅनेलने त्यांचं म्हणणं मान्य करून डिसेंबर 2011 मध्ये एक-एक वर्षाची बंदी घातली. म्हणजे हार्डीइतकीच. जागतिक ॲथलेटिक्स महासंघ अपिलात गेला. जुलै 2012 मध्ये, लंडन ऑलिंपिकच्या काही दिवस आधी, त्याच लोझानच्या न्यायालयाने शिक्षा दुप्पट केली. दोन वर्षं.

दोन्ही ठिकाणी बचाव एकच होता, सप्लिमेंटमधून आलं. न्यायालय एकच, पट्टीही तीच. मग एकीला पट्टीचं तळ आणि दुसऱ्यांना टोक का? आपल्या मुलींवर अन्याय झाला असं मला अनेक वर्षं वाटत होतं. आता तसं वाटत नाही. वाईट मात्र वाटतं. त्या आंतरराष्ट्रीय पातळीच्या, अनुभवी धावपटू होत्या. सप्लिमेंटमध्ये धोका असतो हे त्यांना माहीत असणं अपेक्षित होतं. प्रशिक्षकाने हातावर ठेवलेली गोळी त्यांनी विश्वासाने घेतली, पण ती नेमकी काय आहे, कुणी बनवली, डॉक्टरांना एकदा दाखवू का, असा त्यांनी स्वतः शोध घेतलेला दिसला नाही. प्रशिक्षकावरचा विश्वास नियमाच्या दृष्टीने सबब ठरत नाही. आपल्या मैदानावर गुरूच्या हातून आलेल्या वस्तूबद्दल प्रश्न विचारणं उद्धटपणा मानतात, आणि या निकालाचं खरं दुखणं मला तिथे दिसतं.

म्हणजे दोन्ही निकालांतला फरक बाटलीत काय होतं याने पडला नाही. बाटली उघडण्याआधी खेळाडूने काय केलं होतं, आणि ते केल्याचा पुरावा काय होता, याने पडला.

हे सगळं मी मांडतो ते एका डब्यामुळे. गेली काही वर्षं मी पुण्यात मैदानी खेळाडूंच्या आहाराचं काम करतो. मागच्या हंगामात एक गोळाफेकपटू मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. राष्ट्रीय शिबिरासाठी तिची निवड झाली होती, तिथे कधीही टेस्ट होऊ शकते. तिने पिशवीतून एक किलोचा व्हे प्रोटीनचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "सर, हा चालेल ना? दुकानदार म्हणाला ओरिजिनल आहे, एफएसएसएआयचा नंबरपण आहे."

एफएसएसएआयचा क्रमांक होता. त्याचा अर्थ एवढाच की उत्पादक किंवा विक्रेता परवानाधारक आहे. डब्यात मेथँडायनोन आहे का, हे त्या परवान्यासाठी कुणी तपासत नाही. आईने विचारलं, "पण मग इतक्या मोठ्या डब्यात असं किती विष असणार?" प्रश्न रास्त होता, म्हणून मी कागदावर हिशोब मांडून दाखवला. तोच इथे देतो.

2000 ते 2001 या काळात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या पैशांवर जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने 13 देशांतून 634 सप्लिमेंट विकत आणली. कुठल्याही लेबलवर हॉर्मोन लिहिलेलं नव्हतं. त्यातल्या 94 उत्पादनांत, म्हणजे जवळपास 15 टक्क्यांत, स्टेरॉइड किंवा त्यांचे पूर्वपदार्थ सापडले. प्रमाण एका ग्रॅममागे 0.01 मायक्रोग्रॅमपासून 190 मायक्रोग्रॅमपर्यंत होतं. त्याच संशोधकांनी हेही दाखवलं की नँड्रोलोनचे पूर्वपदार्थ एकूण 1 मायक्रोग्रॅमहून थोडे जास्त पोटात गेले तरी पुढचे काही तास टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते.

आता डब्याकडे या. एक स्कूप 30 ग्रॅमचा. स्कूपमागे 1 मायक्रोग्रॅम म्हणजे एक किलोच्या डब्यात सुमारे 33 मायक्रोग्रॅम. मिठाचा एक बारीक कण साधारण 60 मायक्रोग्रॅम भरतो. म्हणजे अख्ख्या डब्यात मिठाच्या अर्ध्या कणाएवढं मिसळलेलं असलं तरी पुरे. अन्न म्हणून हे प्रमाण नगण्य, त्याने स्नायू वाढणार नाही की आजार होणार नाही. टेस्टला मात्र ते दिसतं. मुलीच्या आईने मीठदाणीतून एक कण बोटावर घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

एवढंसं आत येतं तरी कसं? बहुतेक वेळा कुणी मुद्दाम टाकलेलं नसतं. एकाच कारखान्यात सकाळी हॉर्मोनयुक्त उत्पादन मिसळलं जातं आणि दुपारी त्याच मिक्सरमध्ये साधी पावडर. धुताना कोपऱ्यात, सांध्यात, गाळणीत भुकटी राहते. कोलोनच्या आकड्यांतही हेच दिसतं. ज्या कंपन्या हॉर्मोनचे पूर्वपदार्थ विकत होत्या, त्यांच्या साध्या उत्पादनांत भेसळीचं प्रमाण 21 टक्के होतं, बाकीच्यांच्या उत्पादनांत सुमारे 10. म्हणजे ज्यांनी कधी ते विकलंच नाही, तेही सुटले नव्हते, कारण कच्चा माल बाहेरून येतो. दुसरा प्रकार मुद्दाम भेसळीचा. वजन उतरवणाऱ्या, "जोश" देणाऱ्या आणि झटपट मसल वाढवणाऱ्या पावडरींत तो जास्त आढळतो, कारण तिथे ग्राहकाला परिणाम जाणवायला हवा असतो. हे लेबलच्या भाषेवरून ओळखता येतं. फॅट बर्नर, प्री-वर्कआउट, टेस्टोस्टेरॉन बूस्टर यांपैकी काही लिहिलेलं असेल तर मी पुढचं काहीच तपासत नाही, डबा परत करायला सांगतो. घटकांच्या यादीत "प्रोप्रायटरी ब्लेंड" असं लिहून आत काय किती हे झाकलेलं असेल, तरीही तेच.

राहून गेलेली भुकटी अशी येत असल्यामुळे ती सगळीकडे सारखी नसते. एका बॅचमध्ये असते, पुढच्या बॅचमध्ये नसते. एकाच डब्यात वरच्या थरात नसते, तळाशी असते. हार्डीच्या तीन तारखा मला अशा वाचता येतात, आणि "मी सहा महिने हेच घेतोय, आधीच्या टेस्ट निगेटिव्ह आल्या" या युक्तिवादाला मी किंमत देत नाही ती याचमुळे. आधीचा डबा स्वच्छ होता एवढंच त्यातून कळतं. पदरचे पैसे खर्चून एक चमचा पावडर प्रयोगशाळेत पाठवली तरी तीच अडचण राहते: तो चमचा स्वच्छ निघाला म्हणजे डबा स्वच्छ निघाला असं होत नाही.

मग तपासायचं काय? त्या मुलीच्या डब्याचं आम्ही जे केलं ते क्रमाने सांगतो.

पहिला प्रश्न डब्याबद्दल नव्हताच. तिचं वजन 78 किलो. ताकदीच्या खेळात किलोमागे 1.6 ते 2 ग्रॅम प्रथिनं धरली तर दिवसाला 125 ते 155 ग्रॅम. घरचं दूध, दही, चार अंडी, उसळ आणि रात्रीचं चिकन मोजलं तर ती जवळपास 110 पर्यंत आधीच पोचत होती. उरलेले 15 ते 45 ग्रॅम अर्धा लिटर दूध, शंभर ग्रॅम पनीर आणि मूठभर फुटाण्यांतून निघतात. पोचायलाच हवं असेल तर डब्याशिवाय पोचता येतं, हे आधी तिच्यासमोर ठेवलं. पण शिबिरात सकाळच्या सरावानंतर दोन तास काही खायला मिळत नाही, त्या वेळेपुरतं काहीतरी हवं, असं ती म्हणाली. हे कारण मला खरं वाटलं. "सगळे घेतात" हे वाटलं नसतं.

मग डबा. प्रमाणपत्र देणारे काही कार्यक्रम आहेत, त्यांतले इन्फॉर्म्ड स्पोर्ट आणि एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट हे जास्त माहितीतले. इन्फॉर्म्ड स्पोर्टमध्ये प्रत्येक बॅच बाजारात येण्याआधी तपासली जाते. तिच्या डब्यावर तसं चिन्ह छापलेलं होतं, आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. आम्ही कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर गेलो, आधी ब्रँड शोधला, मग उत्पादन, मग चव. चव का, तर चॉकलेटची नोंदणी असेल आणि कुल्फी चवीची नसेल, असं होतं. ते वेगळं उत्पादन मानलं जातं. मग डबा उलटा करून बुडावरचा बॅच क्रमांक मोबाइलच्या टॉर्चने वाचला. यादीत त्या चवीचे बरेच बॅच होते. हा नव्हता.

ती म्हणाली, "सर, एकच आकडा वेगळा आहे." मी म्हटलं, तो एकच आकडा तर बघायचा असतो. बॅच यादीत नसण्याची कारणं दोन असू शकतात. एक तर कंपनीने ही बॅच तपासायला पाठवलीच नाही, किंवा डबा कंपनीचा नाहीच, चिन्हासकट नकली आहे. दोन्हींत तिच्यासाठी उत्तर एकच. दुकानदाराला फोन केला तर त्याने पक्कं बिल द्यायला टाळाटाळ केली. डबा परत गेला. नंतर तिने ब्रँडच्या अधिकृत विक्रेत्याकडून दुसरा मागवला, आणि या वेळी डबा फोडण्याआधी बॅच यादीत सापडली.

औषधांसाठी नाडाचं, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं, "नो युअर मेडिसिन" नावाचं ॲप आहे. खोकल्याचं औषध, इनहेलर, वेदनाशामक तपासायला ते उपयोगी पडतं. अनेक मुलं त्यात प्रोटीनच्या डब्याचं नाव टाकतात आणि काही आलं नाही की निश्चिंत होतात. डब्याच्या लेबलवर नसलेली भेसळ कुठल्याच ॲपमध्ये दिसणार नाही. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक चूर्णांचीही तीच गत. आपल्या रिलेच्या मुलींच्या हातात तर वनस्पतीचीच गोळी होती.

यापुढचं काम कागदाचं. मुलांना त्याचा कंटाळा येतो, पण माझ्या मते निम्मा बचाव तिथेच असतो. डबा फोडण्याआधी तिने चार फोटो काढले: समोरची बाजू, घटकांची यादी, बॅच आणि मुदतीची तारीख, न फुटलेलं सील. संकेतस्थळावरच्या बॅचच्या पानाचा, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घेतला. बिल ईमेलवर ठेवलं. मला आणि शिबिराच्या डॉक्टरांना एक ईमेल पाठवला: हे उत्पादन, ही बॅच, या कारणासाठी, या तारखेपासून घेणार आहे, काही हरकत असल्यास कळवावं. डॉक्टरांचं उत्तर एका ओळीचं आलं. एका ओळीचं असलं तरी तारखेसह आलं. रिलेच्या निकालात जी जागा रिकामी दिसली होती, ती या ओळीने भरते.

डबा संपत आल्यावर तळाची दोन-तीन स्कूप पावडर त्याच डब्यात, झाकण लावून, बॅचच्या शिक्क्यासकट कपाटात ठेवायची. शक्य असेल तर त्याच बॅचचा एक न फोडलेला डबा बाजूला ठेवावा. तो महाग पडतो आणि सगळ्यांना परवडत नाही, पण त्याचं मोल वेगळं आहे. उघड्या डब्यात भेसळ सापडली तर पॅनेल विचारतं, नंतर तुम्हीच टाकली नाही कशावरून? न फुटलेल्या सीलला तो प्रश्न लागू होत नाही. आणि हे लक्षात घ्या की पॉझिटिव्ह निकाल नमुना दिल्यानंतर काही आठवड्यांनी कळतो. तोवर डबा कचऱ्यात गेलेला असतो आणि बाजारात ती बॅच मिळत नाही.

शेवटची गोष्ट फॉर्मची. टेस्टच्या वेळी, नमुना अ आणि ब बाटल्यांत भरून सीलबंद झाला की एक फॉर्म भरायचा असतो. त्यात गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं आणि सप्लिमेंट लिहायची जागा असते. तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात, स्पर्धा होऊन शरीर आंबलेलं असतं, पाणी पिऊन-पिऊन पोट फुगलेलं असतं, बस बाहेर थांबलेली असते. मुलं तिथे "काही नाही" लिहून सही करतात. काहींना वाटतं लिहिलं तर संशय येईल. होतं ते उलट. पुढे भेसळीचा दावा करायची वेळ आली, तर ते उत्पादन तेव्हाच फॉर्मवर लिहिलेलं असणं खेळाडूच्या बाजूने धरलं जावं, असं संहितेच्या स्पष्टीकरणातच म्हटलेलं आहे. आणि फॉर्मवर नाव नसेल तर "हा डबा तू खरंच घेत होतीस कशावरून?" इथूनच उलटतपासणी सुरू होते. त्या मुलीने मोबाइलमध्ये एक यादी करून ठेवली आहे, बॅच क्रमांकासह. फॉर्मवर ती तीच उतरवते आणि स्वतःच्या प्रतीचा फोटो काढते.

हार्डीच्या वेळची बारा-चोवीसची पट्टी आता राहिलेली नाही. 2015 पासून संहितेत दूषित उत्पादनांसाठी वेगळं कलम आहे. लेबलवर नसलेला आणि इंटरनेटवर वाजवी शोध घेऊनही न सापडणारा बंदी असलेला पदार्थ उत्पादनात होता, आणि खेळाडूची मोठी चूक नव्हती, असं ठरलं तर शिक्षा नुसत्या ताकिदीपासून दोन वर्षांपर्यंत कितीही असू शकते. हे कलम उदार आहे, पण आत शिरायचं दार अरुंद आहे. पदार्थ कुठून आला हे खेळाडूने दाखवायचं. "कदाचित सप्लिमेंटमधून आला असेल" एवढं पुरत नाही. कोणतं सप्लिमेंट, कोणती बॅच, त्यात तो पदार्थ सापडला का, आणि ते प्रमाण लघवीतल्या प्रमाणाशी जुळतं का, हे लागतं. ते दाखवता आलं नाही आणि पदार्थ स्टेरॉइडसारखा असेल, तर मुद्दाम घेतला नाही हे पटवणं फार अवघड जातं, आणि मग शिक्षा चार वर्षांची. ताकीद एका टोकाला, चार वर्षं दुसऱ्या. या दोघांमध्ये कपाटातली ती दोन-तीन स्कूप पावडर असते.

प्रमाणपत्र असलेली बॅचही शंभर टक्के हमी देत नाही, हेही त्या मायलेकींना सांगितलं. प्रयोगशाळा काही नमुने तपासते आणि ठरावीक पदार्थांसाठी तपासते. धोका खूप कमी होतो, पण उरतो. तो घ्यायचा की दूध-फुटाण्यांवर भागवायचं, हे त्यांनी ठरवायचं. मी फक्त मिठाचा कण दाखवू शकतो.

हार्डीचं पुढे काय झालं हे मुलं नेहमी विचारतात. बंदी संपताच ऑगस्ट 2009 मध्ये तिने 50 आणि 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे जागतिक विक्रम मोडले. 2012 मध्ये लंडनला गेली आणि रिलेमध्ये सुवर्ण आणि कांस्य घेऊन आली. पण बीजिंग परत मिळालं नाही. तिच्या जागेची आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या निवड शर्यतीत टारा कर्क तिसरी आली होती, दुसरीपेक्षा अवघ्या 0.01 सेकंदाने मागे. हार्डी बाहेर पडली तोवर संघात नवं नाव घालण्याची मुदत टळून गेली होती. म्हणून ती जागा आधीच दुसऱ्या प्रकारासाठी संघात असलेल्या रेबेका सोनीला मिळाली. सोनीने बीजिंगमध्ये त्या शर्यतीत रौप्यपदक घेतलं. कर्क घरी राहिली, आणि तिने तर काही घेतलंही नव्हतं.

रिलेच्या मुलींपैकी अश्विनी अक्कुंजी बंदी संपल्यावर 2013 मध्ये ट्रॅकवर परतली. लंडनच्या स्टेडियममध्ये मात्र त्या चौघींची ती रिले कधीच धावली नाही.

ती गोळाफेकपटू सध्या शिबिरात आहे. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला, नव्या डब्याच्या बुडाचा फोटो आणि खाली एकच ओळ: "सर, बॅच यादीत आहे, तरी सील अजून फोडलं नाही, डॉक्टरांच्या उत्तराची वाट बघतेय."